फोटोतल्या स्टेटमेंटचा हिशेब

कर्जाची चौकशी करायला गेलं की पहिली मागणी ठरलेली असते: "सहा महिन्यांचं स्टेटमेंट पाठवा, फोटो काढून टाकलात तरी चालेल." मग घरी जेवणाच्या टेबलावर पासबुक उघडलं जातं, मोबाइलनं पानामागून पान टिपलं जातं आणि फोटो व्हॉट्सॲपवर जातात. पलीकडचा माणूस किंवा त्याच्या हातातलं ॲप त्या फोटोंतून तीन आकडे काढतं. खात्यात सरासरी किती पैसे राहतात, पगार किती येतो आणि आधीचे हप्ते किती जातात. संध्याकाळी उत्तर येतं, "साडेतीन लाखांपर्यंत होऊन जाईल."

हे उत्तर म्हणजे मंजुरी नव्हे. मंजुरीच्या वेळी बँक फोटो धरत नाही. ती बँकेतून थेट निघालेली पीडीएफ, शिक्का मारलेली प्रत किंवा खातेदाराच्या संमतीनं थेट मिळालेली माहितीच मागते. पण तोपर्यंत घरात बरंच काही ठरून गेलेलं असतं. गवंड्याला विसार दिलेला असतो, हॉल बुक झालेला असतो. म्हणून हा अंदाज आपल्याला स्वतःला काढता आला पाहिजे आणि दुसऱ्यानं काढलेला तपासता आला पाहिजे. त्यासाठी बेरीज, वजाबाकी आणि थोडी सवड एवढंच लागतं.

एक नमुना घेऊ. चाकणच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण गावच्या घराचा स्लॅब टाकायला तीन लाखांचं कर्ज काढू पाहतो आहे. जानेवारी ते जून असं सहा महिन्यांचं स्टेटमेंट त्याच्याकडे आहे. खऱ्या खात्यात यूपीआयमुळे महिन्याला शंभर-शंभर ओळी असतात. समजायला सोपं जावं म्हणून त्याच्या जूनमध्ये आपण मोजक्याच नोंदी ठेवू.

1 जूनला शिल्लक 6,400 रुपये. 5 तारखेला मोटारसायकलचा हप्ता 4,850 गेला, उरले 1,550. 7 तारखेला पगार 28,600 आला, शिल्लक 30,150. 8 तारखेला खोलीभाडं 8,000 आणि घरी पाठवलेले 6,000 गेले, शिल्लक आधी 22,150 आणि मग 16,150. 10 तारखेला म्युच्युअल फंडाच्या एसआयपीचे 2,000 गेले, उरले 14,150. 15 तारखेला किराणा 3,150, उरले 11,000. 22 तारखेला एटीएममधून 4,000 काढले, उरले 7,000. 28 तारखेला 1,200 गेले आणि महिनाअखेरीस खात्यात 5,800 राहिले.

आता सरासरी काढण्याआधी एक काम करायचं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. फोटोतून वाचलेला प्रत्येक आकडा खरा आहे का, ते बघायचं. वाचणारं ॲप असो की माणूस, फोटोत 3 आणि 8, 1 आणि 7, 5 आणि 6 यांची गल्लत होते. घडीच्या रेघेखाली एखादी ओळ दबते. पान तिरकं धरलं की नावे रकान्यातली रक्कम जमा रकान्याखाली गेल्यासारखी दिसते. पासबुकावर छपाई आधीच्या ओळीवर चढली असेल तर डोळ्यांनाही लागत नाही. पण स्टेटमेंटमध्ये याची तपासणी आधीच छापलेली असते आणि ती म्हणजे उजवीकडचा शिल्लक रकाना. आधीच्या ओळीतली शिल्लक घ्या, तिच्यात जमा मिळवा, नावे वजा करा. येणारी रक्कम त्या ओळीतल्या शिलकेशी जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर वाचण्यात चूक आहे.

चूक कुठे आहे, हेही तफावतच सांगते. 15 तारखेचे 3,150 हे 8,150 असे वाचले गेले असं समजा. 14,150 मधून 8,150 गेले तर 6,000 उरायला हवेत, पण छापलेत 11,000. तफावत बरोबर 5,000 ची. 8 आणि 3 यांच्यात पाचाचा फरक आहे आणि तो हजाराच्या घरात आहे, म्हणजे त्याच घरातला अंक पुन्हा बघायचा. इथे एकच ओळ बिघडते, तिच्यापुढच्या सगळ्या ओळी जुळतात. शिल्लकच चुकीची वाचली तर चित्र वेगळं दिसतं. 11,000 चे 17,000 वाचले तर त्या ओळीत 6,000 जास्त दिसतात आणि लगेच पुढच्या ओळीत तेवढेच 6,000 कमी पडतात. लागोपाठ दोन ओळी एकाच रकमेनं उलटसुलट बिघडल्या की दोष शिलकेच्या आकड्यात असतो. जमा रक्कम नावे धरली गेली तर तफावत रकमेच्या दुप्पट येते. 28,600 चा पगार खर्चात गेला की 57,200 चा खड्डा दिसतो. आणि मधली एक ओळच गायब असेल, तर तफावत त्या हरवलेल्या नोंदीएवढी असते.

पानांच्या सांध्यावरही हीच तपासणी करायची. एका पानाची शेवटची शिल्लक आणि पुढच्या पानाची पहिली शिल्लक एकच असली पाहिजे. ती जुळली नाही तर एखादं पान टिपायचं राहिलं आहे. फोटो पाठवणाऱ्यांकडून हे फार होतं, कारण दोन पानं एकमेकांना चिकटलेली असतात आणि फोटोंच्या गर्दीत ते लक्षात येत नाही.

या तपासणीला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे तारखा. शिलकेची वजाबाकी तारीख तपासत नाही. 7 तारीख 1 वाचली गेली तरी रकमा जुळतातच, पण सरासरी मात्र पार बदलते. म्हणून तारखा वरून खाली चढत्या क्रमानं आहेत ना, हे वेगळं बघायचं. दुसरी मर्यादा अधिक महागात पडणारी आहे, तिच्याकडे हप्त्यांच्या वेळी येऊ.

आकडे जुळले की सरासरीकडे वळायचं. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे छापलेल्या शिलकांची बेरीज करून तिला ओळींच्या संख्येनं भागणं. आपल्या जूनमध्ये सुरुवातीची धरून नऊ शिलका आहेत, त्यांची बेरीज 1,14,350 आणि सरासरी सुमारे 12,700 रुपये. हा आकडा चूक आहे. पगाराच्या आसपास एक-दोन दिवसांत भराभर व्यवहार होतात, म्हणून मोठ्या शिलकेच्या ओळी जास्त असतात. पण ते पैसे खात्यात राहतात दोन-तीन दिवसच. उलट 7,000 रुपये सहा दिवस पडून असतात आणि त्यांची ओळ एकच असते.

खरी सरासरी दिवसांची असते. रोज दिवसअखेर खात्यात किती होते ते धरायचं आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचं. ज्या दिवशी व्यवहार नाही त्या दिवशी आदल्या दिवसाचीच शिल्लक चालू राहते, आणि एका दिवशी अनेक व्यवहार असले तर शेवटच्याच शिलकेला किंमत असते. म्हणजे 8 जूनचे 22,150 हिशेबात येतच नाहीत. या तरुणाचे 6,400 चार दिवस होते, 1,550 दोन दिवस, 30,150 एक दिवस, 16,150 दोन दिवस, 14,150 पाच दिवस, 11,000 सात दिवस, 7,000 सहा दिवस आणि 5,800 तीन दिवस. गुणाकारांची बेरीज 2,98,300. तीसनं भागल्यावर 9,943 रुपये. ओळींच्या सरासरीपेक्षा पावणेतीन हजारांनी कमी.

कर्ज देणारे पुष्कळदा याहून सोपा मार्ग धरतात. महिन्यातल्या ठरावीक तारखांची, उदाहरणार्थ 5, 10, 15, 20, 25 आणि 30 तारखेची, शिल्लक घेऊन ते तिची सरासरी काढतात. त्या तारखेला नोंद नसेल तर तिच्याआधीची शेवटची शिल्लक धरतात. 25 जूनला नोंद नाही, म्हणून 22 तारखेचे 7,000. या पद्धतीनं आपल्या तरुणाची सरासरी 8,417 येते. फक्त 5, 15 आणि 25 या तीनच तारखा धरल्या तर 6,517. एकच महिना, एकच खातं आणि तीन वेगळ्या सरासऱ्या, तिन्ही हिशेब आपापल्या पद्धतीनं बरोबर. म्हणून "तुमची सरासरी शिल्लक कमी आहे" असं कुणी म्हणालं तर ती कोणत्या तारखांवरून काढली, हे विचारायला संकोचू नये. आणि सरासरीपेक्षाही एक गोष्ट बघण्यासारखी आहे: हप्ता गेल्यावर 5 तारखेला खात्यात उरलेले 1,550 रुपये. नव्या कर्जाचा हप्ताही त्याच सुमारास जाणार असेल तर पगाराआधीचे ते दोन दिवस धोक्याचे आहेत. अनुभवी कर्ज अधिकाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

पगाराच्या बाबतीत मोह असतो तो सगळ्या जमा रकमा एकत्र करण्याचा. या तरुणाच्या खात्यात सहा महिन्यांत 2,18,650 रुपये जमा झाले. सहानं भागले तर महिना 36,442 दिसतात. पण त्यातले 20,000 त्यानं स्वतः रोख भरले होते, 15,000 मित्रानं उसने परत केले होते आणि 14,000 वेतनकराराच्या फरकाचे एकदाच मिळाले होते. हे सगळं बाजूला काढल्यावर पगाराच्या सहा रकमा उरतात: चार महिने 28,600, मार्चमध्ये 28,500 आणि एप्रिलमध्ये बिनपगारी रजेमुळे 26,750. सरासरी 28,275.

मार्चमधले ते शंभर रुपये कमी का, हा प्रश्न फोटो वाचणाऱ्याला पडतो आणि आकडा चुकला असं वाटून कुणी तो 28,600 करूनही टाकतो. तो चुकलेला नसतो. महाराष्ट्रात व्यवसाय कर एरवी महिना 200 रुपये कापला जातो आणि फेब्रुवारीच्या पगारातून 300. तो पगार मार्चमध्ये खात्यात येतो. असा छोटा, समजण्यासारखा फरक उलट पगार खरा असल्याची खूणच आहे.

पगाराची नोंद ओळखायची ती तिच्या नियमितपणावरून. पाठवणारा तोच, तारीख जवळपास तीच, रक्कम थोड्याफार फरकानं तीच. नोंदीत कधी `SALARY` लिहिलेलं असतं, कधी फक्त `NEFT` आणि कंपनीचं अर्धवट नाव. कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांच्या नोंदीत कारखान्याचं नाव नसतंच, कंत्राटदाराचं असतं. तिथे पगारपत्रक जोडलं नाही तर वाचणारा ती रक्कम पगार म्हणून धरेल याची खात्री नाही. रोखीनं पगार घेऊन खात्यात भरणाऱ्यांची अडचण याहून मोठी. फोटोत ती फक्त रोख भरणा दिसते. आणखी एक घोळ तारखांचा. एखाद्या महिन्याचा पगार लांबून पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला आला तर एका महिन्यात पगारच नाही आणि दुसऱ्यात दोन, असं दिसतं. म्हणून महिन्यांकडे न बघता सहा पगार मोजावेत.

आता हप्ते. बँक खात्यातून आपोआप जाणाऱ्या रकमा बहुधा `ACH`, `NACH`, `ECS` किंवा `SI` अशा अक्षरांनी सुरू होतात. एजंट घाईत असला की या अक्षरांच्या सगळ्या रकमा कर्जाचे हप्ते म्हणून मोजतो. पण एसआयपी आणि विम्याचा हप्ताही याच वाटेनं जातो. आपल्या तरुणाचे 10 तारखेचे 2,000 एसआयपीचे आहेत, ते कर्ज नव्हे. हप्ता म्हणून ते धरले तर त्याची नव्या हप्त्याची ऐपत विनाकारण दोन हजारांनी घटते. मोबाइलच्या कर्जाचे 1,899 रुपये मेपर्यंत दर 3 तारखेला गेलेत आणि जूनमध्ये नाहीत. याचे दोन अर्थ होतात. कर्ज फिटलं किंवा हप्ता चुकला. स्टेटमेंट यातलं काहीच सांगत नाही. फायनान्स कंपनीकडून कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन तो जोडणं हाच उपाय आहे.

वर म्हटलेली दुसरी मर्यादा इथे येते. 5 एप्रिलला या तरुणाच्या खात्यात पुरेसे पैसे नव्हते. 4,850 नावे पडले आणि लगेच पुढच्या ओळीत परत जमा झाले, म्हणजे हप्ता बाउन्स झाला. फोटोत नेमक्या याच दोन ओळी घडीत दबल्या तर? शिल्लक आधी जेवढी होती तेवढीच नंतर आहे, त्यामुळे वजाबाकी चोख जुळते आणि चुकलेला हप्ता दिसतच नाही. उलट बाजूनं, त्या दोन ओळी दिसल्या आणि वाचणाऱ्यानं नावे पडलेली रक्कम भरलेला हप्ता म्हणून मोजली, तर एप्रिलमध्ये दोन हप्ते भरल्याचं दिसतं, कारण खरा हप्ता 10 तारखेला गेला आहे. यावर एक खूण कामी येते. बाउन्स झाला की बँक दंड लावते आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. 500 रुपये दंड असेल तर 590 नावे पडतात. असे विचित्र, सुटे 590 दिसले की त्यांच्या आधीच्या ओळी बारकाईनं बघाव्यात. तीन-चार महिन्यांत असे दोन दंड असतील तर चांगल्या सरासरीनंही कर्ज अधिकाऱ्याचं समाधान होत नाही.

आणि काही हप्ते स्टेटमेंटमध्ये कधीच दिसत नाहीत. आपल्याकडे मोठ्या कारखान्यांत आणि कार्यालयांत कर्मचाऱ्यांची पतसंस्था असते. तिच्या कर्जाचा हप्ता पगारातूनच कापला जातो आणि उरलेली रक्कम खात्यात येते. तो दिसतो फक्त पगारपत्रकात. दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून जाणारा हप्ताही इथे नाही. अर्ज पुढे गेल्यावर क्रेडिट अहवालात अशी बरीच कर्जं उघडी पडतात आणि मग आधी सांगितलेली रक्कम खाली येते. त्यापेक्षा ती आधीच सांगितलेली बरी.

हे तीन आकडे एकत्र आले की कर्जाचा अंदाज निघतो. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या आत राहावेत, अशी मर्यादा अनेक ठिकाणी धरतात. काही ठिकाणी ती याहून कमी किंवा जास्त असते. 28,275 चे निम्मे 14,137. त्यातून मोटारसायकलचे 4,850 वजा केले की नव्या हप्त्याला 9,287 उरतात. 14 टक्के व्याजानं तीन वर्षांसाठी घेतलेल्या एक लाखाला महिना सुमारे 3,418 रुपये हप्ता पडतो. म्हणजे पावणेतीन लाखांच्या जरा आत कर्ज बसतं. सगळ्या जमा रकमा पगारात धरून 36,442 वरून हाच हिशेब केला असता तर जवळपास 3 लाख 90 हजार बसले असते. गवंड्याला विसार देताना या दोन आकड्यांमधल्या सव्वा लाखाच्या आसपासच्या फरकावरच घर अडतं. आणि पतसंस्थेचा 2,500 चा हप्ता पगारातून कापला जात असेल, तर तो उत्पन्नात मिळवून आणि हप्त्यांतही धरून हिशेब केल्यावर नव्या हप्त्याला सुमारे 8,000 च उरतात. कर्ज तेव्हा 2 लाख 35 हजारांच्या आसपास येतं.

फोटो काढायचाच असेल तर पान सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढावा. चारही कोपरे आणि उजवीकडचा शिल्लक रकाना पूर्ण आला पाहिजे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अंक पसरतात. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ स्पष्टपणा टिकतो. पासबुक बरेच महिने भरून घेतलेलं नसेल तर काही बँका जुन्या नोंदी एकत्र करून एकाच ओळीत जमा आणि नावे यांची बेरीज छापतात. त्या ओळीत पगारही हरवतो आणि दिवसही. तिथे फोटोचा उपयोग नाही, शाखेतून त्या काळाचं स्टेटमेंटच मागावं लागतं.

एक काळजी मात्र जरूर घ्यावी. स्टेटमेंटमध्ये तुमचा पत्ता, खाते क्रमांक, तुम्ही कुणाला पैसे देता आणि कुठे खर्च करता, हे सगळं असतं. नुसता अंदाज हवा असेल तर खाते क्रमांक आणि ग्राहक क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा. त्यांच्याशिवायही तिन्ही आकडे निघतात. कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधल्या फाइली, फोटो आणि संपर्कांच्या यादीत शिरू नये, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2022 मध्ये बजावलं आहे. एखादं ॲप ही परवानगी मागत असेल तर तिथूनच परत फिरा. अंदाज पटला आणि अर्ज करायचा ठरलं, की नेट बँकिंगमधून पीडीएफ काढून द्या किंवा अकाउंट ॲग्रिगेटर या रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानं चालणाऱ्या व्यवस्थेतून संमती द्या. तिथे कोणत्या खात्याची, किती महिन्यांची माहिती आणि कशासाठी मागितली आहे, हे संमती देण्याआधी तुम्हाला दिसतं आणि दिलेली संमती मागेही घेता येते. तुमच्या पासबुकाचे फोटो ज्या एजंटकडे गेलेत, त्याच्या फोनमधून ते परत घेता येत नाहीत. तेव्हा आधी घरी बसून शिल्लक रकाना जुळवा, तीन आकडे कागदावर काढा आणि मगच ठरवा, कुणाला काय पाठवायचं ते.